१२८ रुपयांचा टॉवेल: ऑर्डर घ्यायची की सोडायची?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत असतो तसा टेरी टॉवेलचा एक कारखाना डोळ्यासमोर आणा. १२ लूम, दोन पाळ्या, महिन्याला २०,००० नग काढायची ताकद. सध्या बाजार मंद आहे, १४,००० नगच जातात. नेहमीचा व्यापारी ३० बाय ६० इंची टॉवेलला १५० रुपये देतो. अशात एका हॉटेलवाल्यांचा फोन येतो: "नवीन हॉटेल उघडतोय, ५,००० नग हवेत, कडेला आमचा लोगो विणून द्या. १२८च्या वर जमणार नाही."

मालक दिवाणजींना विचारतो, "आपल्याला टॉवेल पडतो कितीला?" दिवाणजी वही उघडतात. "१४३ला, शेठ." शेठ फोनवर नाही म्हणून मोकळे होतात.

दिवाणजींचा आकडा चुकीचा नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. (पुढचे सगळे आकडे नमुन्याचे आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवला आहे. तुमच्याकडे सुताचा भाव आणि मजुरी वेगळी असेल, रीत तीच.)

१४३ कसे होतात ते आधी पाहू. साधारण ३५० ग्रॅमच्या टॉवेलला वाया जाणारं धरून सूत ७६ रुपयांचं. रंगाई आणि प्रोसेसिंग १५, विणकराची नगावरची मजुरी १०, कांडी-कटाई-शिलाई ४, लूमची वीज ३, पॅकिंग ४, दलाली ४ आणि वाहतूक २. बेरीज ११८. हा झाला बदलता खर्च: एक नग जास्त काढला तर वाढतो, एक कमी काढला तर वाचतो. उरलेले २५ रुपये येतात जागेचं भाडं, फिटर आणि मुकादमाचा पगार, दिवाणजींचा पगार, बँकेचं व्याज, विमा, घसारा यांतून. हा सगळा स्थिर खर्च महिन्याला ३,५०,००० आहे. त्याला १४,००० नगांनी भागलं की २५ येतात.

म्हणजे हे २५ रुपये टॉवेलला चिकटलेले नाहीत, महिन्याला चिकटलेले आहेत. लूम बंद राहिले तरी भाडं द्यायचंच आणि फिटर पगार घेणारच. हॉटेलची ऑर्डर आली म्हणून त्यात एक रुपयाही वाढत नाही. मग ती ऑर्डर तोलताना ते धरायचे कशाला? सीमांत परिव्यय म्हणजे मार्जिनल कॉस्टिंग, आणि त्याचा गाभा एवढाच: या निर्णयाने जे बदलतं तेच मोजा.

आता या ऑर्डरचा स्वतःचा हिशोब. मध्ये दलाल नाही, ४ रुपये गेले. हॉटेलला रंगीत पिशवी नको, गठ्ठा बांधून चालतो, पॅकिंगचे २ वाचले. ११८चे झाले ११२. उलट लोगोसाठी जेकार्डचं डिझाइन काढून कार्ड पंच करावे लागणार, त्याचे एकदाच १२,०००. हा खर्च नगावर नाही, पण ऑर्डर नसती तर झालाच नसता, म्हणून तोही धरायचा. दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की चित्र असं दिसतं:

| | पूर्ण खर्चाने (दिवाणजींची वही) | सीमांत परिव्ययाने |
|---|---|---|
| एका नगाचा खर्च | १४३ | ११२ |
| १२८ला विकल्यावर नगामागे | १५ तोटा | १६ उरतात |
| ५,००० नगांवर | ७५,००० तोटा | ८०,००० |
| लोगोचा खर्च | धरलाच नाही | वजा १२,००० |
| ऑर्डरचा परिणाम | ७५,००० तोटा | ६८,००० फायदा |

खरं कोणतं हे तपासायला महिन्याचा नफा दोनदा काढा. ऑर्डर नाकारली तर १४,००० नगांवर प्रत्येकी ३२ रुपये (१५० वजा ११८) सुटतात, म्हणजे ४,४८,०००. त्यातून ३,५०,००० गेले, ९८,००० उरले. ऑर्डर घेतली तर त्याच ९८,००० वर ६८,००० पडतात, एकूण १,६६,०००. महिन्याचा खरा नफा हा असा. ७५,०००चा तोटा फक्त वहीत होता.

नगामागे सुटणाऱ्या त्या ३२ किंवा १६ रुपयांना कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. ते आधी स्थिर खर्च भरून काढतं आणि मगच नफा होतं. इथे स्थिर खर्च नेहमीच्या मालाने आधीच भरून काढलाय, म्हणून हॉटेलचे १६ थेट खिशात येतात. तळाचा भाव काढायचा तर ११२ अधिक लोगोचे २.४० (१२,००० भागिले ५,०००), म्हणजे ११४.४०. त्याखाली एक पैसाही नको.

इथपर्यंत वाचून "मग काय, ११५ला पण घ्या" असं वाटेल. थांबा. हा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा आहे: लूम खरंच रिकामे आहेत का?

आपल्याकडे ६,००० नगांची जागा होती, ५,००० बसले. समजा फोन लग्नसराईत आला आणि व्यापाऱ्यांकडेच १७,५०० नग जातायत. मग जागा २,५०० ची. हॉटेलचे ५,००० काढायचे तर नेहमीचे २,५०० नग सोडावे लागतील, आणि त्यातला प्रत्येक नग ३२ रुपये देत होता. म्हणजे ८०,००० गमावले. ६८,००० मिळाले, ८०,००० गेले, निव्वळ १२,००० चा तोटा. तळाचा भाव आता ११४.४० अधिक १६, म्हणजे १३०.४०. हॉटेलवाला तोच, टॉवेल तोच, १२८ला मंदीत घ्यायची ऑर्डर लग्नसराईत सोडायची.

क्षमता मोजताना लोक स्वतःला फसवतात. "आपले १२ लूम आहेत" ही क्षमता नव्हे. दोन लूमची दुरुस्ती चालू असते, सणाच्या आधी कामगार गावी जातात, रंगाईवाल्याकडे रांग असते. विणकाम झालं पण रंगाईला जागा मिळत नसेल तर तुमची खरी क्षमता रंगाईची आहे. गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती नग बाहेर पडले ते बिलांवरून काढा, तोच आकडा धरा.

दुसरी फसगत खर्चाच्या नावांची. "मजुरी म्हणजे बदलता खर्च" हे पुस्तकात ठीक आहे. विणकर नगावर असेल तर १० रुपये खरंच बदलते आहेत. पण तुम्ही त्याला महिन्याचा ठरलेला पगार देत असाल आणि मंदीत तो बसून असेल, तर हे १० रुपये तसेही जाणारच आहेत. या ऑर्डरमध्ये ते धरू नका, तळाचा भाव आणखी खाली येतो. उलट तिसरी पाळी लावावी लागली तर वाढीव मजुरी आणि रात्रीचा मुकादम हे नव्याने आलेले खर्च आहेत, एरवी मुकादमाचा पगार स्थिर धरत असलात तरी. विजेच्या बिलातही स्थिर आकार वेगळा आणि युनिटचा आकार वेगळा असतो. ऑर्डरला फक्त युनिट लावायचे. सुताचं उलटं. गोदामात जुन्या भावाचं सूत पडलंय म्हणून जुना भाव धरू नका, कारण ते वापरलं की आजच्या भावाने परत भरावं लागेल.

मला यात सगळ्यात जास्त भीती वाटते ती वहीत कुठेच न दिसणाऱ्या गोष्टीची. १५०ला घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या कानावर गेलं की "हॉटेलला १२८ने दिला", तर तो पुढच्या खेपेला काय म्हणेल ते सांगायला नको. नेहमीच्या १४,००० नगांवर ५ रुपये सोडावे लागले तर महिन्याला ७०,००० गेले. एकदाच मिळालेले ६८,००० एका महिन्यात संपले, आणि तो भाव परत वर जात नाही. म्हणून लोगो हा इथे खर्चासोबत संरक्षणही आहे. कडेला हॉटेलचं नाव विणलेला टॉवेल मंगळवार पेठेतल्या दुकानात लावता येत नाही. साधा बिनलोगोचा माल कोणी १२८ने मागितला तर मी तरी नाही म्हणेन, कारण तो उद्या फिरून तुमच्याच व्यापाऱ्यासमोर येऊ शकतो.

लोगोची दुसरी बाजूही आहे. तपासणीत हॉटेलने २०० नग सेकंड म्हणून परत केले, तर ते दुसऱ्याला विकता येत नाहीत. २०० गुणिले १२८, म्हणजे २५,६०० गेले. सेकंड कशाला म्हणायचं, सुटलेले लूप किती चालतील, रंगातला फरक कितीपर्यंत, हे नमुन्याच्या टॉवेलवर दोघांच्या सह्या घेऊन आधी ठरवा.

आणि पैसे कधी? ऑर्डरमध्ये तुमचे ५,७२,००० अडकतात (११२ गुणिले ५,०००, अधिक लोगो). ९० दिवसांची उधारी आणि १२ टक्के व्याज धरलं तर १७,१६० रुपये व्याजात जातात. ६८,००० चे ५०,८४० झाले. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६च्या एमएसएमई विकास कायद्याने लेखी करारातही ४५ दिवसांपुढची मुदत चालत नाही. पण कायदा दाखवून वसुली करण्यापेक्षा निम्मी रक्कम आगाऊ घेणं सोपं. १२८वर घासाघीस करण्याऐवजी मी आगाऊ रकमेवर करेन.

सीएच्या ताळेबंदात मात्र हे ११२ चालणार नाहीत. वर्षअखेरीस शिल्लक मालाची किंमत लावताना लेखा मानक एएस २ प्रमाणे कारखान्याचा स्थिर खर्चही सामान्य क्षमतेच्या प्रमाणात त्यात धरावा लागतो. त्यामुळे दिवाणजींची वही फेकून द्यायची नाही. वर्षभराचा भाव ठरवायला पूर्ण खर्चच लागतो.

तो कधी लागतो हे दोन महिन्यांनी कळतं. हॉटेलवाल्यांचा परत फोन येतो: "माल झकास होता. आता दर महिन्याला ५,००० पाठवा, भाव तोच ना?" आता ती एकदाची ऑर्डर उरली नाही. १९,००० नग रोजचे झाले की ३,५०,००० त्यांच्यात वाटायचे, नगामागे १८.४०च्या आसपास. ११२ अधिक १८.४०, म्हणजे १३०.४० च्या आसपास. शिवाय व्यापाऱ्यांची मागणी वाढली की तुमच्याकडे उरलेली जागा फक्त १,००० नगांची. १२८ला वर्षाचा करार करण्यापेक्षा "या खेपेला १२८, पुढची खेप १३५ने, आणि दिवाळीच्या दोन महिन्यांत नाही" असं मी सांगेन. हॉटेलवाले गेले तर लूम पुन्हा रिकामे होतील हे खरं, पण तेव्हा परत ११४.४० पासून हिशोब सुरू करता येईल.