फास्टनरचा कॅटलॉग नव्याने लिहिताय? मानकानुसार मांडणी की वापरानुसार?

नट-बोल्टचा जुना कॅटलॉग कुणी वाचत नाही, तेव्हा तो बदलायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. अडतं ते क्रमावर. एक पद्धत जुनीच आहे: आयएस, डीआयएन, आयएसओ या मानकांच्या क्रमांकांनुसार पानं लावायची. दुसरी सध्या डिझायनर मंडळींना फार आवडते: स्ट्रक्चर, मशीन बेस, कन्व्हेयर, इलेक्ट्रिक पॅनल अशी प्रकरणं पाडून गिऱ्हाईक वापराच्या नावाने शोधेल असं बघायचं. दोन्ही पद्धतींनी काम केल्यावर माझा कल एकीकडे झुकला आहे, पण दुसरीचा मोठा गुण आधी सांगतो.

वापरानुसार मांडणीत फायदा सांगायला जागा आपोआप मिळते. कन्व्हेयरच्या प्रकरणात दातेरी फ्लँज बोल्टबद्दल लिहिता येतं, की वेगळा वॉशर लागत नाही, दाते पृष्ठभागात रुततात म्हणून कंपनाने बोल्ट सहसा सैल होत नाही, मात्र रंगवलेल्या भागावर ओरखडे पडतात. हे वाचून प्रॉडक्शनचा माणूस लगेच ठरवू शकतो. मानकांच्या पानावर हेच सांगायचं राहून जातं, कारण तिथे वर क्रमांक असतो आणि खाली आकड्यांची रांग. नवीन इंजिनिअर, किंवा ज्याला बोल्टचं नाव माहीत नाही पण काम माहीत आहे, त्याला वापराची प्रकरणं नक्कीच सोपी जातात.

अडचण अशी की कॅटलॉग उघडणाऱ्यांत परचेसवाले जास्त असतात आणि त्यांच्या हातात इंडेंट असतो. त्यावर ‘एम १२ × ६० एचटी, हाफ थ्रेड, झिंक’ एवढंच लिहिलेलं असतं. तो बोल्ट कन्व्हेयरला लागणार की मशीन बेसला, हे त्यांना ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नाही. मग ते चार प्रकरणं चाळतात आणि शेवटी फोन करतात.

माझ्यापुरता निकाल लावला तो मात्र एका वेगळ्याच कटकटीने. वापरानुसार मांडणीत एकच बोल्ट तीन-चार ठिकाणी छापावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणी जागा वाचवायला मानकाचा क्रमांक गाळला जातो. ‘हेक्स बोल्ट एम १२, ८.८’ एवढंच उरतं. आता एम १२ च्या डोक्याला डीआयएन ९३१ प्रमाणे १९ चा पाना लागतो, तर आयएसओ ४०१४ प्रमाणे १८ चा. एम १० ला तसाच १७ आणि १६ चा फरक आहे. आपला आयएस १३६४ आयएसओच्याच मापाने जातो, पण बाजारात दोन्ही माल सर्रास मिळतो. असेंब्ली लाइनवर १९ चं सॉकेट ठरलेलं असेल आणि १८ चं डोकं आलं, तर सॉकेट निसटतं आणि डोक्याचे कोपरे गोल होतात. बोल्टमध्ये काहीच खोट नसते, तरी लॉट परत येतो. त्यात एका प्रकरणात माप सुधारलं आणि दुसऱ्यात राहिलं, तर एकाच कॅटलॉगमध्ये एकाच बोल्टची दोन मापं दिसतात. त्यानंतर कॅटलॉगमधल्या एकाही आकड्यावर गिऱ्हाइकाचा भरवसा राहत नाही. स्ट्रक्चरचं प्रकरण तर आणखी फसवं. तिथल्या आयएस ३७५७ च्या एम १६ ला २७ चा पाना लागतो, साध्या एम १६ ला २४ चा. क्रमांक नसेल तर हे कळायचं कसं?

म्हणून मला मानकानुसार क्रम बरा वाटतो. एक वस्तू, एक पान, एक नोंद. कंटाळवाणेपणा क्रमात नसतो, पानात असतो, आणि तो घालवता येतो. हाफ थ्रेड हेक्स बोल्टचंच पान घ्या.

जुन्या पानावर वर ‘उत्कृष्ट दर्जा, उच्च ताणक्षमता’ अशी ओळ असते, खाली व्यास आणि लांबीची जाळी, जाळीत शंभर नगांचं वजन, आणि आट्यांच्या लांबीसाठी तारा काढून पान ४७ कडे बोट. नव्या पानावर डोक्यावर दोन वाक्यं पुरतात: ‘दोन भाग एकमेकांवर सरकू नयेत अशा जोडासाठी, भोक अंगाच्या मापाचं असेल तर आडवा भार आट्यांवर न येता गुळगुळीत अंगावर येतो. आटे टोकापर्यंत हवे असतील तर आयएस १३६४ भाग २ चं पान बघा.’ फायदा आला, आणि चुकून दुसराच बोल्ट मागवला जाण्याची शक्यताही घटली.

त्याखाली तक्ता. त्यात मी एक रकाना आवर्जून घालतो, पकडीचा. पकड म्हणजे डोकं आणि नट यांच्यामध्ये येणारी एकूण जाडी, वॉशर धरून. एम १२ साठी, १२५ मिमी लांबीपर्यंत, आट्यांचा भाग ३० मिमी असतो. नट १०.८ मिमी उंच, आणि नटाबाहेर दोन आटे, म्हणजे ३.५ मिमी, दिसावेत असं धरलं की हिशेब असा येतो:

| माप | पाना (आयएस १३६४) | पकड, मिमी |
|---|---|---|
| एम १२ × ५० | १८ | २० ते ३५ |
| एम १२ × ६० | १८ | ३० ते ४५ |
| एम १२ × ७० | १८ | ४० ते ५५ |

खालचा आकडा वरच्याइतकाच कामाचा आहे. समजा १० मिमीच्या दोन प्लेटा आणि अडीच-अडीच मिमीचे दोन वॉशर, म्हणजे पकड २५. स्टोअरमध्ये ५० चा बोल्ट संपला म्हणून कुणी ६० चा लावला, तर आटे जिथे संपतात तिथेच नट अडतो. टॉर्क रेंच खट्कन वाजतो, फिटरला वाटतं बोल्ट आवळला गेला, आणि प्लेटा सैलच राहतात. नट घट्ट बसलेला असूनही वॉशर बोटाने फिरतो, ही त्याची खूण. जाळीवाल्या तक्त्यात हे कधीच दिसत नाही.

तक्त्याखाली फिनिशची एक ओळ, तीही नकारासकट: झिंक प्लेटिंग आतल्या कामाला, हॉट डिप उघड्यावर, हॉट डिपच्या बोल्टला नट जास्त मापात टॅप केलेलाच हवा, साधा चढणार नाही. १२.९ ग्रेडच्या बोल्टला प्लेटिंग मागितलं तर आधी विचारा, कारण प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनमुळे इतका कडक बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनीही डोक्याखाली तुटू शकतो.

वापराची प्रकरणं पूर्ण टाकून द्यावीत असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीला दोन पानं त्यांच्यासाठी ठेवा: डावीकडे काम, उजवीकडे पान क्रमांक, आणि मापाचा एकही आकडा नाही. आकडा नसला की दोन ठिकाणी वेगळा छापला जाण्याचा प्रश्नच येत नाही. या पानांवर बाजारात बोलली जाणारी नावंही द्या. ‘अॅलन बोल्ट’ शोधणारा माणूस आयएस २२६९ खाली बघणार नाही. डीआयएन ९१२ मागणाऱ्यालाही त्याच पानावर पाठवा.

तुमच्याकडे मोजकेच प्रकार असतील आणि बहुतेक गिऱ्हाईक एकाच धंद्यातलं असेल, समजा फक्त पॅनल बनवणारे, तर वापरानुसार मांडणी कदाचित चांगलीच चालेल; तिथे एक बोल्ट चार प्रकरणांत येतच नाही. वेबसाइटवरही क्रमाला फारसा अर्थ नाही, तिथे नोंद एकच असते आणि वाटा कितीही काढता येतात. पण छापील कॅटलॉग आणि पाच-सहा मानकांचा माल असेल, तर मी क्रमांकांनाच धरून राहीन. पानं छपाईला देण्याआधी स्टोअरमधल्या माणसाला तीन जुने इंडेंट देऊन बघा. ओळ सापडायला त्याला पान ४७ उघडावं लागलं, तर तो तक्ता अजून पुरा झालेला नाही.