टाचेची पुढची कड: घोडेस्वारीचे बूट आठ महिने वापरल्यावर

शहाद्याजवळच्या एका तबेल्यात मी घोडेस्वारी शिकायला लागलो तेव्हा पायात रोजचे स्पोर्ट्स शूज होते. दुसऱ्याच आठवड्यात घोडा दुडकीवर आला आणि माझा उजवा पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, थेट घोट्यापर्यंत आत घुसला. शिकवणाऱ्या दादांनी लगाम धरून घोडा थांबवला. तेव्हा पडलो असतो, तर त्याच पायाने फरफटत गेलो असतो. त्या बुटांना टाचच नव्हती, पाय अडणार कशाला?

मग सारंगखेड्याच्या यात्रेत घोट्याच्या वरपर्यंत येणारे, चामड्याचे, बाजूला इलॅस्टिक असलेले बूट घेतले. दादांनी एकच गोष्ट बघायला लावली होती, ती म्हणजे टाचेची पुढची कड. टाच साधारण अडीच सेंटीमीटर उंच हवी आणि तिची पुढची बाजू सरळ उभी हवी, म्हणजे पाय पुढे सरकला तरी ती रिकिबीच्या पट्टीला अडते. तळव्यापासून उतरत गेलेली टाच उंच असली तरी उपयोगाची नाही, रिकीब तिच्यावरून सरकून जाते.

तळ मात्र गुळगुळीत हवा. माझ्या मित्राने ट्रेकिंगचे बूट घातले होते. त्याच्या तळाच्या खोल खाचा रिकिबीत अडकायच्या आणि उतरताना पाय सुटता सुटायचा नाही. गुळगुळीत तळ पडण्याच्या वेळी पायाला सोडून देतो. पण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत उभं राहिलं की हाच तळ घसरतो. चिखलाचा थर बसला की रिकिबीतही पाय नीट टेकत नाही, म्हणून चढण्याआधी मी काठीने तळ खरवडतो. रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी बोटभर मोकळी आहे का, तेही तेव्हाच बघतो. अरुंद असेल तर चांगला बूटसुद्धा अडकतो.

घोट्याला आधार आहे, पण तो बाजूने. पाय आत-बाहेर मुरडत नाही, आणि टाच खाली दाबताना घोटा पुढे वाकतो. सुरुवातीला चामडं इतकं ताठ होतं की टाच खालीच जाईना. दोन आठवडे घरात घालून फिरलो तेव्हा घडी पडली. नडगीला मात्र या बुटाचा काहीच आधार नाही. रिकिबीचा पट्टा तिथे घासायचा, शेवटी चामड्याचे गेटर वेगळे घ्यावे लागले.

सहाव्या महिन्यात टाच झिजली. दुरुस्त करणाऱ्या काकांनी मायेने रबराचा खाचांचा तळ चिकटवला आणि टाचेची कडही गोल घासून दिली. एरवी चांगलं काम, पण घोड्यावर धोक्याचं. थांबलेल्या घोड्यावर बसून पाय पुढे ढकलून पाहिला तर टाच अडलीच नाही. दुसऱ्या दिवशी तळ काढून साधा चामड्याचा लावून घेतला आणि टाचेला समोरून चौकोनी तुकडा ठोकून घेतला. आता दर महिन्याला मी त्या कडेवरून बोट फिरवतो. गोल लागली की आधी दुरुस्ती, मगच घोडा.