बीम, स्वे की कंबाइन्ड: पोर्टल फ्रेम आधी कशात कोसळेल?

साकीनाक्याच्या गाळ्यासाठी एक साधी फ्रेम धरू. गाळा (स्पॅन) ८ मीटर, कॉलम ४ मीटर, दोन्ही पाये फिक्स्ड, सगळीकडे Mp, म्हणजे ज्या मोमेंटला प्लास्टिक हिंज तयार होतो तो, १२० किलोन्यूटन-मीटर. बीमच्या मध्यावर १०० आणि डाव्या कॉलमच्या माथ्यावर आडवा ६० किलोन्यूटन भार. दोन्ही भार एकाच λ पटीने वाढवत नेले तर फ्रेम कोसळेल कधी?

बीम मेकॅनिझममध्ये टोकांना θ आणि मध्यावर 2θ फिरतं, म्हणून λ × 400 = 4Mp आणि λ = १.२. स्वेमध्ये, म्हणजे फ्रेम आडवी कलते तेव्हा, चारही हिंज कॉलमच्या टोकांना येतात: λ × 240 = 4Mp, म्हणजे λ = २. इथवर पाहिलं तर बीमच नडतो असं वाटेल.

खरी गंमत कंबाइन्डमध्ये आहे. दोन्ही हालचाली एकत्र केल्या की डाव्या माथ्यावरची फिरकी विरुद्ध दिशांची असल्याने रद्द होते आणि तिथला हिंज नाहीसा होतो. म्हणून 8Mp मधून 2Mp जातात: λ × 640 = 6Mp, λ = १.१२५. ही वजाबाकी विसरली तर λ = १.५ येतो, १.२ पेक्षा मोठा म्हणून तो बाजूला पडतो आणि चूक कुणाला दिसतही नाही.

ती पकडायची असेल तर मोमेंट तपासा. λ = १.२ ला स्वेच्या समतोलासाठी दोन पायांत मिळून २८८ लागतात, पण उपलब्ध फक्त २४०, म्हणजे १.२ चालणार नाही. १.१२५ ला डाव्या माथ्यावर ९० येतो, १२० च्या आतच. तेव्हा हाच खरा कोसळभार.

प्रत्येक वेळी तिन्ही सोडवायचा कंटाळा असेल तर या आकाराच्या, सर्वत्र सारख्या Mp च्या फ्रेमसाठी आडवा भार H × कॉलमची उंची h ची तुलना उभा भार V × अर्धा गाळा L/2 शी करा. पहिला गुणाकार दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी असेल तर बीम, दुपटीहून जास्त असेल तर स्वे, मधल्या पट्ट्यात कंबाइन्ड. आपल्याकडे २४० विरुद्ध ४००, म्हणजे मधलाच पट्टा. भार मध्यावर एकवटलेला नसून बीमभर पसरलेला असेल तर कंबाइन्डमधला हिंज मध्यापासून थोडा सरकतो. तो मध्यावरच धरला तर λ जरा फुगतो.

मुंबईत मला जास्त काळजी पायाची वाटते. खाडीलगतच्या मऊ मातीत फिक्स्ड बेस कागदावरच राहू शकतो. पाये पिन्ड धरले तर कंबाइन्डमध्ये फक्त 4Mp उरतात आणि λ थेट ०.७५ वर येतो, म्हणजे दिलेला भारही पेलत नाही. बेस प्लेट, बोल्ट आणि फुटिंग १२० चा मोमेंट घेऊ शकतात हे दाखवता येत नसेल, तर १.१२५ हा आकडा ड्रॉइंगवर लिहू नका.