फोटो आमचा, नोटीस आम्हालाच, आणि पैसेही आम्हीच भरले

आंजर्ल्याजवळ आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं ठिकाण आहे. चार खोल्या, मागे नारळ-पोफळीची बाग. बुकिंग यावं म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी एक साधी वेबसाइट करून घेतली. खोल्यांचे फोटो, जेवणाचे दर आणि आजूबाजूला पाहण्यासारखं काय आहे, एवढंच तिच्यावर आहे. या वेबसाइटवरच्या एका फोटोपायी मी 18,500 रुपये घालवले. पैसे गेले ते गेले, पण ते कसे गेले हे माझ्यासारख्या लहान व्यावसायिकांना कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मेल आला तो दिवाळीआधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास. खोल्या भरलेल्या, फराळाची गडबड चालू. मेलचा विषय होता कॉपीराइट भंगाची कायदेशीर नोटीस. सोबत तीन पानी पीडीएफ. वर वकिलांच्या फर्मचं नाव, तराजूचं चिन्ह, खाली शिक्का. आमच्या वेबसाइटवरचा हर्णै बंदराचा फोटो, म्हणजे समोर मासळीचा लिलाव आणि मागे समुद्रात सुवर्णदुर्ग, हा त्यांच्या अशिलाचा असून आम्ही तो परवानगीशिवाय वापरला आहे, असं त्यात म्हटलं होतं. पुराव्यादाखल आमच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि त्याखाली 'मूळ छायाचित्र' म्हणून तोच फोटो, त्याची फाइलही मेलला जोडलेली. मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला आहे, क्रमांक अमुक, मंगळवारी सुनावणी, तुम्ही हजर नसलात तर एकतर्फी आदेश होईल. नुकसानभरपाई 85,000. मात्र 48 तासांत तडजोड केल्यास 24,500 वर प्रकरण मिटेल.

कॉपीराइट कायदा 1957, कलम 51, कलम 63, तीन वर्षांपर्यंत कैद, सगळं लिहिलेलं. ही कलमं खोटी नाहीत. कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या भंगाला खरोखरच सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मी लगेच शोधून पाहिलं, कलम खरं निघालं आणि माझा धीर सुटला. कलमांचे आकडे कुणालाही पाच मिनिटांत सापडतात, त्यावरून नोटीस खरी ठरत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पण मी घाबरले त्याचं खरं कारण वेगळं होतं. वेळासच्या कासवांबद्दल जो मजकूर आहे, तिथे मी पिल्लांचा एक फोटो गूगलवरून उचलून लावला होता. कुणाचा आहे ते पाहिलंही नव्हतं. त्यामुळे नोटीस वाचताना मनात तेच आलं की आपण चोरी केलीच आहे, फक्त फोटो दुसरा. हर्णैचा फोटो कुठून आला होता हेही मला नीट आठवेना. लहान वेबसाइटवाल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी असा एखादा फोटो लावलेला असतो, आणि या लोकांचं सगळं गणित त्या अपराधी भावनेवर बसवलेलं आहे.

शनिवारी मी मेलमधल्या नंबरवर फोन केला. माणूस अतिशय शांतपणे हिंदीत बोलला. "मॅडम, हम तो आपको कोर्ट के चक्कर से बचाना चाहते हैं." मी परवडत नाही म्हटल्यावर त्याने 'अशिलाशी बोलून' 18,500 वर आणलं. पैसे यूपीआयने मागितले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं ते फर्मचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. मी विचारलं. तो म्हणाला, आमचे हिशेब तेच बघतात. तिथे मी थांबायला हवं होतं. पैसे गेले, आणि 'प्रकरण बंद' असं पत्र दहा मिनिटांत मेलवर आलं.

भाऊबीज झाली त्या दिवशी दुसरा मेल. तुमच्या वेबसाइटची पूर्ण तपासणी केली असता आणखी पाच छायाचित्रं आढळली, एकूण 60,000. त्यातला एक फोटो आमच्या स्वयंपाकघराचा होता. चुलीवर भाकरी भाजणाऱ्या माझ्या सासूबाईंचा. तो मी स्वतः काढलेला.

त्याच संध्याकाळी दापोलीला आमच्या ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी पीडीएफ चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, यात अशिलाचं नाव कुठे आहे?" नव्हतंच. 'आमचे अशील' एवढाच उल्लेख. सही करणाऱ्या वकिलाचा सनद क्रमांक नव्हता. महाराष्ट्र आणि गोव्यात नोंदणी असलेल्या वकिलाच्या सनदेचा क्रमांक MAH या अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटी वर्ष असतं. नोटिशीवर तो लिहिलाच पाहिजे असं नाही, पण आपण मागितला तर खरा वकील तो लपवत नाही.

मग त्यांनी दाव्याचा क्रमांक उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकला. तिथे क्रमांकावरून आणि पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येतं, पैसे लागत नाहीत. त्या क्रमांकाचा दावा होता, पण दोन भलत्याच कंपन्यांमधला. आमचं नाव टाकलं तर काहीच नाही. आणि सुनावणीचा तो मंगळवार दिवाळीच्या सुट्टीतला. ते म्हणाले, "दावा दाखल झाला असेल तर कोर्टाचं समन्स येतं. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, वकिलाने अशिलाच्या वतीने लिहिलेलं पत्र आहे. त्याला उत्तर द्यायचं असतं, लगेच पैसे नाही." त्यांनी हेही बजावलं की दावा अजून दाखल केलेला नाही, फक्त करण्याचा इशारा आहे, असं नोटिशीत असेल तर शोधून काही सापडणार नाही, आणि तेवढ्यावरून ती नोटीस खोटी म्हणू नये. आमच्या नोटिशीत मात्र दावा दाखल झाल्याचं स्पष्ट लिहिलं होतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या भाच्याला दिसली. तो पुण्याला असतो, कॉम्प्युटरचं काम करतो. त्याला मेल पाठवला तर त्याचा तासाभरात फोन, "मावशी, हा फोटो मी काढलाय." 2019 च्या मे महिन्यात तो आला होता, तेव्हा हर्णैला लिलाव बघायला गेलो होतो. फोनमध्ये मूळ फोटो होता, 4000 बाय 3000 पिक्सेलचा, तारीख-वेळेसकट. मग त्याने त्यांनी मेलला जोडलेली 'मूळ' फाइल उघडली. तिचं नाव होतं:

```
harnai-bandar-1024x768.jpg
```

आमची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. आपण मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या प्रती आपोआप तयार करतं आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिची मापं चिकटवतं. harnai-bandar हे नाव मीच दिलं होतं, आणि 1024x768 ही शेपटी आमच्या वेबसाइटने लावलेली. म्हणजे त्यांच्या छायाचित्रकाराची 'मूळ' फाइल आमच्याच पानावरून उतरवून घेतलेली होती, नाव बदलायचीही तसदी न घेता. ज्याने फोटो काढलाय त्याच्याकडे लावलेल्या फोटोपेक्षा मोठी फाइल असते, बहुधा त्याच्या आगेमागे काढलेले आणखी फोटोही असतात. पहिल्या दिवशी मी "मूळ फाइल पूर्ण आकारात पाठवा" एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी त्यांच्याकडे पाठवायला काही नव्हतं.

भाच्याने मेलचा पत्ताही तपासला. डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, कधी नोंदवलं हे 'हूइज' शोधात दिसतं. अनेक वर्षं वकिली करत असल्याचं सांगणाऱ्या फर्मचं डोमेन जेमतेम तीन आठवड्यांचं होतं. आणि उत्तर पाठवायला गेलं की पत्ता बदलून साधा जीमेलचा येत होता. जीमेलमध्ये 'मूळ संदेश' उघडला तर SPF आणि DKIM या मेल कुठून आला ते पाहणाऱ्या तपासण्यांपुढे PASS लिहिलेलं होतं. मला आधी वाटलं, म्हणजे मेल खरा. पण त्याचा अर्थ एवढाच की मेल त्याच डोमेनवरून आला. डोमेनच फसवणाऱ्याचं असेल तर तिथेही PASS च येणार.

आमच्या मेलला साधी पीडीएफ आणि एक फोटो एवढंच होतं, याला मी नशीब म्हणते. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक प्रकार उघड केला होता, त्यात वेबसाइटवरच्या संपर्काच्या फॉर्ममधून 'माझे फोटो चोरलेत, पुरावे इथे बघा' असा कायदेशीर धमकीचा मजकूर यायचा. दिलेली लिंक गूगलच्या पानाची असल्याने कुणाला संशय येत नसे, आणि तिथून उतरवलेल्या झिप फाइलमधून कॉम्प्युटरमध्ये आइस्डआयडी नावाचा व्हायरस शिरायचा. तेव्हा 'पुराव्या'ची झिप उघडू नका. पुरावा मेलमध्येच पाठवा, असं सांगा.

तक्रार करायला मला उशीर झाला, त्याची खंत आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरवर फोन केला तेव्हा पैसे भरून आठवडा होत आला होता. तिथे पैसे ज्या खात्यांमधून पुढे सरकतात ती खाती गोठवण्याचा प्रयत्न होतो, म्हणून पहिल्या काही तासांना फार किंमत असते. माझे पैसे तोवर पुढच्या खात्यात जाऊन काढलेही गेले होते. cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला, व्यवहाराचा क्रमांक आणि मेल जोडले. पैसे परत आलेले नाहीत.

कासवाच्या पिल्लांचा फोटो मी काढून टाकला. वकिलांनी आधी त्याचा स्क्रीनशॉट आणि तो केव्हापासून लावला होता ही नोंद ठेवायला सांगितली. फोटो काढून टाकला म्हणजे झालेली चूक पुसली जाते असं नाही, उद्या खऱ्या छायाचित्रकाराने विचारलं तर त्याचं म्हणणं रास्त असेल आणि मी त्याला योग्य तो मोबदला देईन. विकिमीडियावरून घेतलेले दोन फोटो होते, त्यांच्याखाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव घातलं. ते फोटो फुकट असतात, पण बहुतेकांवर ही अट असते, आणि मी ती पाळली नव्हती.

दुसऱ्या मेलला आमच्या वकिलांनी उत्तर पाठवलं. अशिलाचं नाव, सनद क्रमांक, पूर्ण आकाराची मूळ फाइल आणि दाव्याची प्रत मागितली, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 चा उल्लेख केला. विनाकारण धमकी देणाऱ्याविरुद्ध उलट दावा करण्याची सोय त्या कलमात आहे. त्यानंतर मेल नाही, फोनही बंद.

गेल्या आठवड्यात केळशीहून एका खोल्यावाल्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली, "ताई, हे काय आहे बघा." फोटो त्यांच्या अंगणातल्या झोपाळ्याचा. फर्मचं नाव नवीन, रक्कम 22,000. दाव्याचा क्रमांक मात्र आमच्या नोटिशीतलाच. त्यांनी पैसे भरलेले नाहीत.