विमानभाडं लॉक करण्याचे 500 रुपये: कधी वसूल होतात, कधी नाही

सोलापूरकरांचं विमान बहुतेक वेळा पुण्याहून किंवा हैदराबादहून असतं. त्यामुळे तिकिटाआधी रजा, रेल्वेचं आरक्षण, मुलांच्या परीक्षा असं सगळं जुळावं लागतं, आणि तोवर भाडं वर सरकतं. या अडचणीसाठी मी 2025 पासून भाडं लॉक करण्याची सोय वापरते आहे. आतापर्यंतचा अनुभव सांगते.

एअर इंडियाने ही सोय 2024 च्या जुलैत आणली. देशांतर्गत प्रवासासाठी माणशी, एका बाजूचे 500 रुपये भरायचे आणि दिसलेलं भाडं 48 तास धरून ठेवायचं. उड्डाण किमान 10 दिवस पुढचं हवं. जमिनीच्या व्यवहारात इसार शेवटी किमतीतून वजा होतो, इथे तसं नाही. 500 रुपये तिकिटाच्या वर जातात आणि तिकीट काढलं नाही तरी परत मिळत नाहीत.

मग पैसे कशाला द्यायचे? कारण दुसरा मार्ग फुकट असला तरी त्याची मुदत तोकडी होती. डीजीसीएच्या नियमानुसार विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, प्रवासाच्या किमान 7 दिवस आधी देशांतर्गत तिकीट काढलं, तर ठरावीक तासांत ते विनाशुल्क रद्द करता येतं. 2025 च्या दिवाळीआधी ही मुदत 24 तासांची होती. निर्णय एका दिवसात होणार असेल तर सरळ तिकीट काढावं, नाही जमलं तर रद्द करावं. लॉकची गरजच नाही. फक्त पूर्ण रक्कम आधी भरावी लागते आणि परतावा यायला काही दिवस जातात, एवढी तयारी हवी.

आमचं दिवाळीचं उदाहरण घ्या. नणंदेकडे दिल्लीला जायचं होतं, चौघं जण. जाताना पुण्याहून विमान, येताना रेल्वे. शनिवारी भाडं माणशी 6,200 दिसत होतं. ह्यांच्या रजेवर साहेबांची सही सोमवारी होणार होती. मी शनिवारी रात्री दहाला लॉक घेतलं, 2,000 रुपये गेले. 48 तास घड्याळाचे मोजतात, सुट्टी वगळत नाहीत. हेच लॉक शुक्रवारी संध्याकाळी घेतलं असतं तर ऑफिस उघडण्याआधीच संपलं असतं.

सोमवारी दुपारी सही झाली तेव्हा त्याच विमानाचं भाडं 7,900 झालं होतं. चौघांचे 6,800 वाचले, लॉकचे वजा जाता 4,800. रजा नामंजूर झाली असती तर नुकसान 2,000 वरच थांबलं असतं. शनिवारी सरळ तिकिटं काढली असती, तर फुकट रद्द करण्याची मुदत रविवारी रात्रीच संपली असती आणि सोमवारी माणशी तीन-चार हजार कापून गेले असते. माझ्या दृष्टीने लॉकची खरी किंमत इथे आहे. भाडं वाढेल या भीतीपेक्षा, रद्द करावं लागलं तर बसणारा फटका त्याने टळतो. बुकिंगच्या दिवशी विनाशुल्क रद्द करण्याची मुदत किती आहे ते आधी बघा. ती लॉकइतकीच लांब असेल, तर लॉकचा उपयोग फक्त मोठी रक्कम लगेच अडकू नये एवढाच उरतो.

साध्या दिवसांत हिशोब उलटा होतो. भाडं 5,000 च्या आसपास, सणवार नाही, प्रवासाला महिना-दीड महिना बाकी. अशा वेळी दोन दिवसांत भाडं वाढण्याची शक्यता चारात एक धरली आणि वाढ 800 ची धरली, तर लॉकची किंमत सरासरी 200 रुपयेच भरते. त्यासाठी 500 देऊ नयेत. चौघांचं जाणं-येणं असेल तर लॉकचेच 4,000 होतात, हेही विसरू नका.

तिकिटं विकणाऱ्या पोर्टलचं लॉक मात्र वेगळंच प्रकरण आहे. कंपनीने जागा धरली की पीएनआर आणि पैसे भरण्याची अंतिम वेळ मिळते. पोर्टलवर मी घेतलं तेव्हा फक्त विनंती क्रमांक आला, पीएनआर नाही. म्हणजे जागा धरलीच नव्हती. भाडं वाढलं तर फरक आम्ही देऊ, एवढंच आश्वासन होतं, आणि त्यालाही माणशी 1,000 ची मर्यादा. भाडं 1,600 ने वाढलं, वरचे 600 मलाच भरावे लागले. मर्यादेचं वाक्य अटींमध्ये खाली होतं. जागा संपल्या तर फक्त शुल्क परत, असंही तिथेच लिहिलं होतं. सणाच्या गर्दीत, एका कुटुंबाला एकत्र चार जागा हव्या असताना, हे लॉक मी घेणार नाही. एकट्या माणसाला, भरपूर विमानं असलेल्या मार्गावर आणि शुल्क शे-दोनशे असेल तर चालेल.

आता मे महिन्यात पुन्हा दिल्लीला जायचं आहे. रजा आधीच मंजूर आहे, हुतात्मा एक्सप्रेसची पुण्यापर्यंतची तिकिटं आरक्षण सुरू झालं की मिळतील. ठरायचं काहीच उरलेलं नाही, म्हणून या वेळी लॉक न घेता सरळ कंपनीच्या वेबसाइटवरून तिकिटं काढणार आहे.