स्टोअर क्रेडिटचा तो एक चौकोन: कूपन, कॅशबॅक आणि क्रेडिट काही महिने एकत्र वापरल्यानंतर

गेले काही महिने मी बहुतेक गेम कूपन, कार्डावरचा कॅशबॅक आणि दुकानाचे स्टोअर क्रेडिट एकत्र लावून घेत आहे. या पद्धतीने पैसे खरोखर वाचतात आणि मी ती सोडणार नाही. तरीही आज सविस्तर लिहावेसे वाटले, कारण मागच्या खरेदीवरचा कॅशबॅक मला नाकारला गेला आणि त्याला कारण ठरला चेकआउटच्या पानावरचा ‘क्रेडिट वापरा’ हा एक लहानसा चौकोन.

हिशेब सोप्या आकड्यांत मांडतो. गेमची किंमत ४,००० धरू. १० टक्क्यांचे कूपन लावल्यावर ती ३,६०० होते. कार्डाची ऑफर १० टक्के कॅशबॅकची आहे, पण व्यवहार किमान ३,००० चा हवा आणि कॅशबॅक जास्तीत जास्त ३०० मिळणार. खात्यात ८०० चे क्रेडिट पडून आहे. ते सगळे वापरले तर कार्डावरून २,८०० जातात, किमान रकमेची अट मोडते आणि कॅशबॅक शून्य होतो. क्रेडिटला हातच लावला नाही तर कार्डावरून ३,६०० जातात, पण त्यांचे १० टक्के ३६० होत असले तरी हाती ३०० च येतात. म्हणजे ३,००० च्या वर कार्डाने भरलेल्या रकमेवर काहीच मिळत नाही. म्हणून ६०० चे क्रेडिट वापरावे, कार्डाने बरोबर ३,००० भरावेत, पूर्ण ३०० कॅशबॅक घ्यावा आणि २०० चे क्रेडिट पुढच्या खरेदीसाठी ठेवावे, हे सर्वांत चांगले. असे केल्यास खिशातून प्रत्यक्षात २,७०० जातात.

यासाठी क्रेडिटची रक्कम स्वतः टाकता आली पाहिजे. काही दुकाने तशी सोय देतात. माझ्या दुकानात मात्र फक्त तो चौकोन आहे, म्हणजे क्रेडिट वापरायचे तर सगळे, नाहीतर अजिबात नाही. त्यातही मी खूण काढून मग कूपनचा कोड टाकला, तेव्हा पान नव्याने उघडले आणि खूण आपोआप परत आली. कार्ड कंपनीने सांगितले की त्यांच्याकडे २,८०० चाच व्यवहार आला आहे. दुकानाचे म्हणणे असे की क्रेडिट हेही पैसेच असल्यामुळे खरेदी ३,६०० ची झालेली आहे. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण कार्डाची ऑफर कार्टची बेरीज पाहत नाही, कार्डावर आलेली रक्कम पाहते, आणि हे माहीत असूनही दुकानाने पानाची रचना अशी ठेवावी याचा मला मनापासून राग आहे. आता मी कूपन सर्वांत आधी लावतो, चौकोन त्यानंतर पाहतो, आणि कार्डाच्या पडताळणीच्या पानावर दिसणारी रक्कम वाचल्याशिवाय पुढे जात नाही, कारण कार्डावर तीच रक्कम नोंदवली जाते.

दोन कूपने एकावर एक चालत असतील, एक टक्क्यांचे आणि एक ठरावीक रकमेचे, तर टक्क्यांचे आधी लागणे फायद्याचे असते. ठरावीक रक्कम आधी वजा झाली तर टक्के लहान आकड्यावर मोजले जातात. पण हा क्रम बहुधा दुकानच ठरवते, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नये.

स्टोअर क्रेडिटबद्दल मात्र माझे मत या काळात बदलले. सुरुवातीला मी १०० चे क्रेडिट म्हणजे १०० च धरत असे. पण ऑफरमधून मिळालेल्या क्रेडिटला बहुधा मुदत असते, ते त्याच दुकानात खर्च करावे लागते, आणि ते संपवण्यासाठी नको असलेले काही घेतले तर बचत उरत नाही. म्हणून आता पुढे कोणता गेम घ्यायचा हे ठरलेले असेल तरच मी ते पूर्ण किमतीने धरतो, एरवी बरेच कमी.

परताव्याच्या वेळी या तिन्ही सवलती तीन वाटांनी जातात. वरच्या उदाहरणातला गेम परत केला तर ३,००० कार्डावर येतात, ६०० क्रेडिट म्हणून येतात, कॅशबॅक रद्द होतो किंवा आधी जमा झाला असेल तर वळता होतो, आणि एकदाच वापरता येणारे कूपन सहसा परत मिळत नाही. एकाच ऑर्डरमध्ये दोन गेम असतील आणि त्यातला एक परत केला, तर उरलेली रक्कम किमान अटीखाली जाऊन दुसऱ्या गेमचाही कॅशबॅक जाऊ शकतो. स्टीमवर साधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात, तर कार्डाचा कॅशबॅक अनेकदा त्याहून उशिरा जमा होतो. म्हणून गेम पटेल की नाही याची शंका असेल तेव्हा मी त्याची ऑर्डर वेगळी करतो.

चौकोनावर उपाय एकच सापडला आहे. हवे असलेले २०० चे डीएलसी आधी वेगळ्या ऑर्डरमध्ये घ्यायचे. तेथे चौकोन सगळे क्रेडिट वापरत असला तरी वजा होते ती फक्त बिलाएवढी रक्कम, त्यामुळे ६०० शिल्लक राहतात आणि मग मोठ्या गेमला खूण करता येते. असे डीएलसी नसेल तर मी क्रेडिट तसेच ठेवतो, मुदत संपत आली नसेल तोवर.