आठ महिने वापरल्यावर: गाणी झकास, कॉल मात्र डबड्यातला

पहिल्याच आठवड्यात हा हेडसेट परत करणार होतो. लॅपटॉपवर गाणं मस्त चालू असायचं, मीटिंग सुरू झाली की टक् असा बारीक आवाज यायचा आणि पुढचं सगळं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. एकदा सहकारी ‘फळी बदलायची’ म्हणाला, मी ‘सळी’ ऐकलं आणि यादीत तेच लिहून टाकलं. तेव्हा जरा खोलात शिरलो.

दोष हेडसेटचा नव्हताच. ब्लूटूथवर गाणी येतात ए-टू-डीपी प्रोफाइलने, म्हणजे आवाज नेण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीने. त्यात आवाज स्टीरिओ आणि भरगच्च असतो, पण एकाच दिशेने जातो. हेडसेटच्या माइकचा आवाज परत न्यायची सोय त्यात नाही. त्यामुळे कुठल्याही ॲपने तो माइक मागितला की लॅपटॉप एचएफपी या हँड्सफ्री प्रोफाइलवर जातो. इथे बोलणं दोन्ही बाजूंनी आणि विनाविलंब पोचायला हवं, म्हणून प्रत्येक दिशेला सेकंदाला फक्त 64 किलोबिटची राखीव वाट मिळते, तीही मोनो. गाण्यांना एसबीसी कोडेकवर, म्हणजे आवाज आकसून पाठवायच्या एका पद्धतीवर, 328 किलोबिटपर्यंत मिळतात.

त्यातही जुना सीव्हीएसडी कोडेक असेल तर आवाजाचे सेकंदाला 8000 नमुनेच घेतले जातात. म्हणजे 4 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वरच असते, म्हणून माझी सळी-फळी झाली. एमएसबीसी कोडेकमध्ये नमुने 16000 होतात आणि ‘स’ पुन्हा ‘स’सारखा ऐकू येतो, पण हा कोडेक हेडसेट आणि फोन किंवा लॅपटॉप अशा दोन्हीकडे असावा लागतो. माझ्या फोनवर कॉल बरा वाटतो आणि जुन्या लॅपटॉपवर भयंकर, ते यामुळेच.

खात्री करायची तर गाणं चालू ठेवून नुसतं रेकॉर्डिंगचं ॲप उघडा, हेडसेटचा माइक निवडा आणि रेकॉर्ड दाबा. गाणं तत्क्षणी चेपलं, तर भानगड प्रोफाइलचीच. मीटिंगमध्ये म्यूट करून माझ्याकडे काही फरक पडला नाही. ॲप माइक धरूनच बसतं.

आता मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा ठेवतो, स्पीकर हेडसेटचा. विंडोज 10 वर एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात. त्यातलं Stereo निवडायचं, Hands-Free नाही. आवाज लगेच उघडतो. बदल्यात बोलणं किंचित उशिरा ऐकू येतं, आणि लॅपटॉपचा माइक टायपिंगची खटखट सगळ्यांना ऐकवतो. नोट्स आता मी वहीत लिहितो.

फोनवरच्या साध्या कॉलला मात्र माझ्याकडे ही पळवाट नाही. पुढचा हेडसेट घेताना त्यात एलई ऑडिओ हे ब्लूटूथचं नवं ऑडिओ तंत्र आहे का बघेन. त्यात बोलण्यासाठीही एलसी-3 कोडेक आहे. अर्थात लॅपटॉपलाही तो कळायला हवा, आणि माझ्या लॅपटॉपला कळत नाही. तोवर हाच. बॅटरी आणि कानाच्या गाद्या अजून ठणठणीत आहेत.